नमुन्याची यादी आधी दिली आणि तिथेच फसलो

घरगुती वापराच्या वस्तूंच्या आमच्या ऑनलाइन दुकानासाठी 8,000 लिस्टिंगचा मजकूर यंत्राकडून लिहून घेण्याचे काम आम्ही एका पुरवठादाराला दिले होते. मजकूर माणसांनी तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे ठरलेले होते आणि तशी तपासणी आम्ही केलीही. तरीही फसवणूक झाली. ती नेमकी कुठल्या फटीतून झाली हे सविस्तर लिहीत आहे, कारण ती फट आमच्याच करारात होती आणि असेच करार इतर अनेक जण करत असतील.

करारात एकच ओळ होती: 'मान्य नमुन्यात किमान 95 टक्के अचूकता.' 8,000 पैकी 200 लिस्टिंग मी निवडल्या. तपासणीचे तक्ते तयार करायचे आहेत, असे सांगून पुरवठादाराने त्या 200 क्रमांकांची यादी दोन दिवस आधी मागितली आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. तपासणारे दोघे आमचेच होते आणि त्यांनी मन लावून काम केले. अहवालात अचूकता 98.5 टक्के आली, आम्ही शेवटचा हप्ता दिला आणि सर्व मजकूर दुकानात चढवला.

तीन आठवड्यांनी एका ग्राहकाने वाडगा परत केला. लिस्टिंगमध्ये तो 'मायक्रोवेव्हमध्ये वापरण्यास योग्य' असे लिहिले होते, प्रत्यक्षात त्याच्या काठावर धातूची पट्टी होती. मूळ माहितीपत्रकात तो रकाना रिकामा होता, म्हणजे यंत्राने ते वाक्य स्वतःच्या मनाने घातले होते. एखादी चूक निसटू शकते, असे मी तेव्हा मानले. त्याच आठवड्यात याच प्रकारच्या आणखी दोन तक्रारी आल्या, तेव्हा मी संपूर्ण डेटा उतरवून घेतला आणि `updated_at` हा रकाना पाहिला. सगळा मजकूर एकाच रात्री तयार झालेला होता. नमुन्यातल्या 200 पैकी 193 लिस्टिंगमध्ये मात्र मी यादी पाठवल्यानंतर आणि तपासणी सुरू होण्यापूर्वी बदल झालेले होते, तर उरलेल्या 7,800 पैकी फक्त 11 लिस्टिंगना त्या दिवसांत कोणाचा हात लागला होता. आम्ही तपासलेला मजकूर माणसाने हाताने दुरुस्त केलेला होता आणि विकत घेतलेला मजकूर तसाच्या तसा यंत्राचा होता.

त्यानंतर उरलेल्या 7,800 मधून मी 200 लिस्टिंगचा नवा नमुना काढला आणि या वेळी यादी कोणालाही दाखवली नाही. एका लिस्टिंगमध्ये सरासरी 12 माहितीचे मुद्दे धरले, तर एकूण मुद्दे 2,400 होतात. त्यांपैकी 72 चुकीचे निघाले, म्हणजे मुद्द्यांच्या हिशेबाने अचूकता 97 टक्के भरते आणि करारातली अट या खराब मजकुरानेही पूर्ण होते! पण त्या 72 चुका 46 लिस्टिंगमध्ये पसरलेल्या होत्या, म्हणजे 23 टक्के लिस्टिंगमध्ये किमान एक चूक होती. ग्राहक वस्तू विकत घेतो ती पूर्ण लिस्टिंग वाचून, म्हणून छेदस्थानी लिस्टिंगच असली पाहिजे. 'अचूकता' कशाची मोजायची हे करारात न लिहिणे ही चूक माझी होती. पुरवठादाराने लबाडी केली नसती, तरी या अटीने आमचे रक्षण झाले नसते.

दुसरी उणीव अशी की सगळ्या चुका एकाच तराजूत होत्या. ऱ्हस्वदीर्घाची चूक आणि मायक्रोवेव्हचा खोटा दावा या दोन्हींना आम्ही एकेकच गुण कापत होतो. आता तीन वर्ग केले आहेत. ज्या चुकीमुळे इजा होऊ शकते, वस्तू निरुपयोगी ठरते किंवा मूळ माहितीत नसलेला दावा केला जातो, ती गंभीर. ज्या चुकीमुळे ग्राहकाची दिशाभूल होते पण वस्तू वापरता येते, उदाहरणार्थ रंगाचे चुकीचे नाव, ती मध्यम. भाषेची किंवा पुनरुक्तीची चूक किरकोळ. प्रत्येक वर्गाची मर्यादा स्वतंत्र आहे आणि एका वर्गातील चांगल्या निकालाने दुसऱ्या वर्गातील तूट भरून काढता येत नाही. कोणती चूक कुठल्या वर्गात पडते याची उदाहरणे मजकूर येण्यापूर्वीच लिहून ठेवावीत, कारण निकाल हाती आल्यावर प्रत्येक गंभीर चूक 'मध्यम'च आहे असे पटवून देणारे कोणीतरी भेटतेच.

दुसऱ्या नमुन्यात गंभीर चुका असलेल्या लिस्टिंग 14 होत्या, म्हणजे 7 टक्के. नमुना लहान असल्याने खरे प्रमाण साधारण 4 ते 11 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते त्यांचे वाटप. माहितीचे रकाने रिकामे असलेल्या लिस्टिंग नमुन्यात 34 होत्या आणि 14 पैकी 11 गंभीर चुका त्यांतच होत्या. उरलेल्या 166 मध्ये फक्त 3. म्हणून आता रिकाम्या रकान्यांच्या लिस्टिंगचा वेगळा गट करून त्यातून स्वतंत्रपणे 100 तपासतो.

पूर्ण बॅचसाठी नमुना 300 चा घेतो. त्यात गंभीर चूक एकही चालत नाही, मध्यम चुका 9 लिस्टिंगपर्यंत आणि किरकोळ 30 पर्यंत चालतात. 300 मध्ये शून्य गंभीर चुका आल्या, तर खरे प्रमाण 1 टक्क्याच्या आत आहे असे 95 टक्के खात्रीने म्हणता येते. 3 ला नमुन्याच्या संख्येने भागले की ही वरची मर्यादा मिळते. या नियमाची किंमतही आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्या बॅचमध्ये हजारी केवळ 3 गंभीर चुका आहेत, तीही निम्म्याहून अधिक वेळा नाकारली जाईल, आणि हे प्रामाणिक पुरवठादाराला आधीच सांगणे न्यायाचे आहे.

नाकारलेली बॅच न सुधारता 'पुन्हा नमुना काढा' असा आग्रह झाला, तर तो मान्य करू नये. 1 टक्का गंभीर चुका असलेली बॅच या कसोटीतून पहिल्या खेपेला सुमारे 5 टक्के वेळाच सुटते. पण त्याच बॅचचा नमुना पाच वेळा काढू दिला, तर एकदा तरी सुटण्याची शक्यता 22 टक्क्यांपर्यंत जाते.

यादी गुप्त ठेवण्यासाठी आता आधी मजकुराची फाइल ताब्यात घेतो आणि `sha256sum` ने तिची खूण दोन्ही पक्षांकडे नोंदवतो. त्यानंतरच दोघांनी मिळून ठरवलेला अंक वापरून नमुना काढतो, म्हणजे निवड माझ्याही मर्जीची राहत नाही आणि कोणालाही ती पुन्हा पडताळता येते:

```
import random
random.seed(481907)
sample = random.sample(sorted(ids), 300)
```

आमचे तपासनीसही मी पारखले. तयार मजकुरात मुद्दाम 20 चुका पेरल्या, त्यांतल्या 15 सापडल्या. म्हणजे अहवालातला चुकांचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो.

पुरवठादाराला तारखांचा तक्ता पाठवला, तेव्हा करारातली अट मान्य नमुन्यापुरतीच होती आणि ती पूर्ण झाली आहे, एवढेच उत्तर आले. पैसे परत मिळाले नाहीत. रिकाम्या रकान्यांच्या 1,340 लिस्टिंगचा मजकूर आम्ही काढून टाकला असून, उत्पादकाकडून माहिती येईपर्यंत तिथे वस्तूचे नाव आणि माप एवढेच ठेवले आहे.