कोकम सरबताचा गार ग्लास: थेंब आणि बर्फ फोटो काढतानाच, की नंतर संगणकावर?

उन्हाळा लागला की बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या सरबतवाल्यांना मराठी-कन्नड मेनूकार्डासाठी ‘गार दिसणारा’ ग्लास हवा असतो. खऱ्या दवावर विसंबू नका. मार्चच्या कोरड्या दुपारी ते धड जमत नाही, आणि पावसाळ्यात जमता जमता ओघळून जातं. उरतात दोन वाटा: ग्लिसरीन किंवा फोटोशॉप.

ग्लिसरीन औषधाच्या दुकानात मिळतं. ते आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून बारीक फवाऱ्याच्या बाटलीत भरा. ग्लास धुऊन कोरडा करा आणि सरबत जिथवर येणार त्याच्या वरच्या काचेला टेप लावून मग फवारा. गार द्रव असतो तेवढ्याच काचेवर दव धरतं. काठापर्यंत थेंब दिसले की फोटो खोटा वाटतो. ग्लिसरीन सुकत नाही, त्यामुळे हे थेंब तासभर तरी जागचे हलत नाहीत. मात्र ते फक्त बाहेरून, आणि तो ग्लास नंतर कुणाला प्यायला द्यायचा नाही.

फोटोशॉपमध्ये काळ्या पार्श्वभूमीवरचे थेंब Screen मोडमध्ये चढवतात. हा मोड फक्त उजेड वाढवतो. त्यामुळे कोकमाच्या गडद लालवर थेंब उठून दिसतात, पण सोलकढी किंवा ताकावर जवळजवळ नाहीसे होतात. शिवाय थेंब म्हणजे छोटं भिंगच. उजेड डावीकडून असेल तर चमक डावीकडे आणि आतला उजळ भाग उजवीकडे येतो. दुसऱ्याच्या फोटोतले थेंब आणले की इथेच चोरी पकडली जाते. ग्लासाच्या कडांजवळ थेंब अरुंद आणि दाट दिसायला हवेत, त्यासाठी Warp वापरावं लागतं.

माझं मत विचाराल तर कॅमेरा स्टँडवर पक्का ठेवून आधी कोरड्या ग्लासाचा आणि मग फवारलेल्या ग्लासाचा फोटो घ्या. दोन्ही एकावर एक ठेवून मास्कने हवे तिथलेच थेंब उघडे ठेवा. उजेड, रंग, गोलाई, सगळं आपोआप जुळतं.

बर्फाला मात्र ही सवलत नाही. बुडालेल्या खड्यातून मागचा लाल रंग वाकून दिसतो. तो संगणकावर उभा करायला एका मेनूकार्डाच्या पैशात परवडेल इतका वेळ नसतो, म्हणून बर्फ ग्लासातच हवा. घरच्या फ्रीजमधला बर्फ हवेच्या बुडबुड्यांनी मधोमध पांढरा असतो, आणि वितळला की सरबताचा वरचा थर फिका पडतो. अॅक्रिलिकचे खडे स्वच्छ आणि न वितळणारे, पण पाण्यापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतात. खरा बर्फ तरंगतो आणि त्याचा जेमतेम दहावा भाग वर राहतो. म्हणून अॅक्रिलिक वापरताना ग्लास तळापासून खड्यांनी भरा, वरचा एखादाच किंचित बाहेर डोकावू द्या, आणि सरबत सगळ्यात शेवटी ओता.