पेमेंटचं पान खोटं निघालं, 79,950 रुपये गेले. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका!

"ओटीपी दिलाच कशाला?" असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते, ऑनलाइन खरेदीत कार्डाने पैसे भरताना सहसा ओटीपी द्यावाच लागतो. मी तो फोनवर कुणाला सांगितला नव्हता. वस्तू निवडली, "पैसे भरा" दाबलं आणि समोर आलेल्या पानावर टाकला. ऑर्डर होती 2,349 रुपयांची. गेले 79,950.

दुकान जाहिरातीतून सापडलं होतं. हो, जाहिरातीतून! सगळे तेच करतात.

पान हुबेहूब होतं. कार्डाचे पहिले आकडे टाकताच बाजूला माझ्या बँकेचा लोगो उमटला आणि तिथेच मी निर्धास्त झाले. बँकेशी जोडलेलं असल्याशिवाय पानाला हे कसं कळेल? कळतं. पहिल्या सहा ते आठ आकड्यांवरून कार्ड कुठल्या बँकेचं ते ठरतं आणि त्याच्या याद्या कुणालाही मिळतात. "आधी मुद्दाम चुकीचा नंबर टाकून बघा" असं सांगणारेही भेटले. त्याचा उपयोग नाही. शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांच्या ठरलेल्या हिशेबातून येतो आणि तो हिशेब खोटं पानही करू शकतं. माझा एक आकडा चुकला तेव्हा त्याने लाल अक्षरांत "नंबर तपासा" असं बजावलं. केवढी ती काळजी!

कुलपाचं चिन्हही होतं. त्याचा अर्थ एवढाच की तुमची माहिती वाटेत कुणी वाचणार नाही. ती ज्याच्याकडे पोचते तो चोर असला तर कुलूप काय करणार? ते चोरालाही फुकट मिळतं.

खरी गोम पत्त्यात होती. पान जाहिरातीच्या ॲपमध्येच उघडलं होतं आणि तिथे पत्ता अर्धाच दिसत होता. नंतर लिंक कॉपी करून पाहिली तेव्हा ती अशी निघाली (ओळखीच्या पेमेंट कंपनीचं नाव आणि चोरांचं खरं नाव, दोन्ही बदलली आहेत):

```
https://secure.xxxx.com.order-verify.example/pay
```

आपण डावीकडून वाचतो, म्हणून `xxxx.com` दिसलं की समाधान होतं. पत्ता उलटा वाचायचा. `https://` नंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे या. रेघेच्या लगेच आधीचे दोन तुकडे, `.co.in` सारखा शेवट असेल तर तीन, हाच खरा मालक. इथे तो `order-verify.example`. त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते नाव लिहू शकतो. ॲपमधलं पान आधी नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि पत्त्यावर बोट ठेवून तो पूर्ण बघा. खरी दुकानंही पैसे घेताना दुसऱ्या कंपनीच्या पानावर पाठवतात, त्यामुळे नाव वेगळं दिसलं म्हणजे चोरीच असं नाही. पण मालक कोण ते कळेना, तर कार्ड बाहेर काढू नका.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. ओटीपीचा मेसेज आला. त्यात रक्कम 48,700 आणि भलत्याच व्यापाऱ्याचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. मी मेसेज उघडलाच नाही, कारण कीबोर्डच्या वर सहा आकडे आयते आले होते आणि मी त्यांच्यावर टिचकी मारली. फोननेच ही सवय लावली, मी काय करणार? पान म्हणालं, "ओटीपी चुकला, नवा पाठवला आहे." दुसरा ओटीपी, आणखी 31,250. पान खोटं असलं तरी तो मेसेज खऱ्या बँकेचा असतो. रक्कम आणि नाव वाचल्याशिवाय आकडे टाकू नका. पहिला ओटीपी "चुकला" असं दिसलं तर तिथेच थांबा आणि बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करा.

बँकेला फोन केला तर आधी संगीत, मग नऊ दाबा, मग पुन्हा संगीत. शेवटी एक बाई म्हणाल्या, "मॅडम, व्यवहार ओटीपीने झालाय, म्हणजे तुम्हीच मंजूर केलाय." अहो, मी 2,349 मंजूर केले होते! "लेखी तक्रार द्या." तक्रारीच्या फॉर्मवर व्यापाऱ्याचा पत्ता भरणं सक्तीचं! चोराचा पत्ता माहीत असता तर यांच्या दारात कशाला गेले असते? पोलिसांनी सांगितलं, आधी बँकेचं पत्र आणा. बँक म्हणाली, आधी पोलिसांची प्रत आणा. शाखेतल्या साहेबांनी तर "पानाचा पुरावा आहे का?" असं विचारलं. तोवर पान गायब झालं होतं. म्हणून, शंका आली की सगळ्यात आधी पूर्ण पत्त्यासकट स्क्रीनशॉट घ्या. माझ्याकडे कॉपी केलेली लिंक तरी होती, पण साहेबांच्या मते "ती कुणीही टाइप करू शकतं."

तक्रार अजून "प्रक्रियेत" आहे. कार्डाचं बिल मात्र वेळेवर आलं, 79,950 धरून, आणि मुदतीत भरलं नाही तर व्याज लागेल अशी ताकीदही त्यातच आहे.