सोललेला लसूण तेलात, फ्रीजमध्ये, वाळवून की आंबटात? बरणी भरण्याआधी

धुळ्याची माझी मामेबहीण सकाळी साडेसातला डबा करून कामाला निघते. एका रविवारी तिने पाव किलो लसूण सोलला, काचेच्या बरणीत भरला, वर शेंगदाण्याचं तेल ओतलं आणि बरणी ओट्यावर ठेवली. फोडणीला तेल आणि पाकळ्या दोन्ही हाताशी. मी गेले तेव्हा बरणीला नऊ दिवस झाले होते. तेल नितळ होतं, पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, वास घरभर सुटेल असा छान. "ताई, लोणचं नाही का आपण वर्षभर तेलात ठेवत? मग लसणाने काय घोडं मारलंय?" तिने विचारलं.

प्रश्न बरोबर आहे, आणि सगळी गोम त्यातच आहे. कैरीचं लोणचं तेलामुळे टिकत नाही. ते टिकतं कैरीच्या आंबटपणाने आणि मिठाने. वरचं तेल फक्त बुरशीला लागणारी हवा अडवतं. लसणाला आंबटपणा जवळजवळ नाही, आणि नुसत्या सोललेल्या पाकळीत मीठही नाही. म्हणजे त्या बरणीत लोणच्यातलं राखणारं काहीच नव्हतं, होता तो फक्त हवाबंदपणा.

तोच एका जिवाणूला हवा असतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम मातीत राहतो, आणि लसूण मातीतूनच येतो. या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपलेली त्याची रूपं, सोलून, धुऊन पूर्ण जात नाहीत आणि साध्या उकळीनेही मरत नाहीत. त्यांना मारायला दाबाखालची १२१ अंशांची उष्णता लागते. हवा असते तोवर ते निपचित पडून राहतात. तेलात बुडाले की हवा तुटते, पाकळीतलं पाणी मिळतं, आंबट-खारट असं काही आड येत नाही, आणि ते रुजून विष तयार करू लागतात. या जातीच्या मुख्य गटाला ३५ ते ४० अंशांची ऊब सर्वांत मानवते. वैशाखातल्या आपल्या स्वयंपाकघरात तेवढी ऊब दुपारभर असते.

कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, हिरवी मिरची ताजी तेलात बुडवली तरी हेच घडतं.

१९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटच्या जेवणातून ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाने होणारा आजार झाला. कारण निघालं सोयाबीन तेलात ठेवलेला चिरलेला लसूण. तो फक्त थंडाव्याच्या भरवशावर टिकवायचा होता आणि तो फ्रीजबाहेर राहिला होता. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनला पुन्हा तेलातल्या लसणाने तिघांना गाठलं. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विक्रीच्या अशा लसणात आम्ल घालणं सक्तीचं केलं, नुसत्या फ्रीजवर विसंबायचं नाही असं ठरवलं.

आता पर्याय शेजारी ठेवून पाहू.

ओट्यावरची तेलाची बरणी सोयीला सगळ्यांत पुढे आहे, आणि मी तिला साफ नाही म्हणते. हे विष दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. कधी झाकण फुगतं, कधी बुडबुडे येतात, पण न आले म्हणून बरणी चांगली असं ठरत नाही. "पण मी तर फोडणीतच घालते" हेही ऐकलंय. विष ८५ अंशांवर पाच मिनिटं राहिलं तर मोडतं हे खरं. पण खानदेशात कळण्याची भाकरी, ठेचा आणि वरून कच्च्या तेलाची धार, हे आपलं जेवण. वासाचं म्हणून त्या बरणीतलं तेल कुणी ताटात घेतलं, तर त्याला चुलीची उष्णता लागलेलीच नसते. बहिणीच्या घरी सासूबाई तेच करत होत्या.

पाकळ्या तेलात थोड्या परतून ठेवल्या तर? अर्धवट परतलेल्या पाकळीच्या पोटात पाणी राहतं, आणि पाणी आहे तोवर आतला भाग उकळीच्या फार वर तापत नाही. बीजाणू वाचतात. त्यांच्याशी स्पर्धा करणारे साधे जिवाणू मात्र मरतात, म्हणजे उलट रान मोकळंच होतं.

फ्रीजमधली तेलाची बरणी चालते, पण चारच दिवस, आणि फ्रीज ४ अंशांच्या आत असला तर. झाकणावर तारीख लिहा. आपल्याकडे अडचण लोडशेडिंगची. फ्रीज चार तासांहून जास्त बंद राहिला तर ती बरणी मी ठेवणार नाही. ज्यांच्याकडे वीज रोज जाते त्यांनी हा पर्याय सोडलेलाच बरा. बर्फाच्या ट्रेमध्ये ठेचलेला लसूण आणि तेल गोठवून ठेवलं तर काही महिने जातात. लागेल तेवढी वडी काढून थेट कढईत टाकायची, बाहेर वितळत ठेवायची नाही.

वाळवलेला लसूण हा माझ्या मते आपल्या मुलखाचा पर्याय. ऊन फुकट आहे. पातळ काप करून, वर मलमल झाकून तीन-चार दिवस कडक उन्हात ठेवा. काप बोटांत वाकला तर अजून ओला आहे, कडकन मोडला तर झाला. असा पूर्ण सुकलेला लसूण तेलात घातला तरी बीजाणूंना लागणारं पाणीच तिथे नसतं. पावसाळ्यात मात्र हे जमत नाही, आणि अर्धवट सुकलेला लसूण तेलात घालणं म्हणजे पुन्हा पहिलीच बरणी. सुक्या चटणीचंही तसंच. लसूण, खोबरं, तीळ, तिखट कुटून सुकी ठेवायची आणि तेल ताटातच घालायचं, जसं आजी घालायची.

तेलातलाच लसूण आणि तोही महिन्या-दोन महिन्यांसाठी हवा असेल तर त्याला आधी आंबट करावं लागतं. अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठाने तपासलेली रीत अशी: दोन कप पाण्यात एक सपाट मोठा चमचा सायट्रिक ॲसिड विरघळवायचं, म्हणजे साधारण ३ टक्क्यांचं पाणी होतं. लसूण पाव इंचाहून मोठा न ठेवता चिरायचा. एक भाग लसणाला वजनाने तीन भाग हे पाणी घेऊन किमान २४ तास बुडवून ठेवायचं. मग निथळून एका भाग लसणाला दहा भाग तेल. अख्खी पाकळी चालत नाही, कारण आंबट गाभ्यापर्यंत पोचत नाही. तेलात नंतर लिंबू पिळण्यानेही काही साधत नाही. आंबट पाण्यात मिसळतं, तेलात नाही.

बहिणीने शेवटी वाळवण धरलं. रोजच्या फोडणीपुरता गड्डा जाळीच्या टोपलीत मोकळ्या हवेत टांगलेला असतो, तो आदल्या रात्री सोलून ठेवते.

तुमच्या ओट्यावर अशी बरणी आत्ता असेल तर चाखून बघू नका. झाकण न उघडता दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात द्या, मोरीत ओतू नका, गुरांना घालू नका, हात साबणाने धुवा. कुणी त्यातलं खाल्लं असेल तर त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा. साधारण १२ ते ३६ तासांत, कधी काही दिवसांनी, दोन-दोन दिसणं, पापण्या ओघळणं, तोंड कोरडं पडणं, बोबडं बोलणं, घास न गिळता येणं सुरू होतं. ताप बहुधा नसतो आणि माणूस शुद्धीवर असतो, म्हणून घरचे थकवा समजतात. मग अशक्तपणा खाली हातापायांत आणि श्वासात उतरतो. थांबू नका, ज्या रुग्णालयात व्हेंटिलेटर आहे तिथे न्या आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: तेलातला लसूण खाल्लाय.