प्रेसनोटची कॅप्शन: एका कापूस हंगामाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाचं इन्स्टा पेज मी दिवाळीपासून सांभाळतो. खरेदी केंद्राची, तालुक्याची प्रेसनोट आली की तिचा फोटो टाकून द्यायचा, ही आधीची रीत. वाचत कोणीच नव्हतं. म्हणून मी प्रत्येक नोटची पोट्ट्यांच्या भाषेतली कॅप्शन करायला लागलो. सहा महिने झाले, या पद्धतीला पाचपैकी साडेतीन गुण देतो. दीड का कापले ते सांगतो.

पहिली मोठी नोट सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, कापूस खरेदीची होती. भाषा नेहमीचीच: "सर्व कापूस उत्पादक शेतकरी बांधवांना सूचित करण्यात येते की, किमान आधारभूत किंमत योजनेअंतर्गत कापूस खरेदी करण्यात येणार असून, ओलावा विहित मर्यादेत असणे आवश्यक आहे." मी त्यातून काढलं, "कापूस 8,110! गाडी जोता बे 🔥". लाइक्सचा पाऊस पडला.

तिसऱ्या दिवशी एक कास्तकार काका मालवाहू गाडी भरून केंद्रावर गेले. दवात वेचलेला कापूस होता. मॉइश्चर मशीनवर 14 आलं, माल परत. भाड्याचे पैसे गेले ते गेलेच. संध्याकाळी पारावर सगळ्यांदेखत विचारलं, "पोस्ट टाकणारा तूच ना?"

8,110 हा आकडा खोटा नव्हता. पण 2025-26 च्या हंगामात तो लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता, मध्यम धाग्याचा 7,710. तोही 8 टक्के ओल धरून. त्याच्यावर प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापतात आणि 12 च्या वर माल घेतच नाहीत. नोटमधलं सगळ्यात कंटाळवाणं वाक्य, ते "विहित मर्यादेत" वालं, मी फेकून दिलं होतं. कास्तकाराचे पैसे नेमके त्यातच होते.

तेव्हापासून उलटं करतो. नोट हातात आली की आधी आकर्षक काय ते बघत नाही. कोणत्या कारणानं माणूस केंद्रावरून रिकाम्या हातानं परत येईल, ते शोधतो आणि तीच पहिली ओळ करतो. "विहित मर्यादा" असं मोघम लिहिलं असेल तर केंद्रावर फोन लावून आकडा विचारतो. तीच कॅप्शन मग अशी झाली:

"ओल 12 च्या वर? गाडी घरीच ठेव.
8 टक्के, लांब धागा: 8,110. ओल 10 निघाली की क्विंटलमागे 162 गेले.
दोन दिवस ऊन दाखव, मग जा. 'कपास किसान' ॲपवर नोंदणी नसेल तरी जाऊ नको.
बाबांना दाखव 👉"

शेवटची ओळ गमतीची वाटेल, पण सगळ्यात जास्त कामाची तीच ठरली. इन्स्टावर पोरगं असतं, कापूस बापाचा असतो. पोस्ट व्हॉट्सॲपवर पुढे जाऊ लागली ती या ओळीमुळे.

आता त्रास. फीडमध्ये कॅप्शनचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो, बाकी "more" च्या मागे. त्यात आपली लिपी महाग. "शेतकऱ्यांनो" डोळ्याला पाच अक्षरं, पण काना-मात्रा, अनुस्वार, हलंत वेगळे मोजले जातात, म्हणून फोन ती 11 धरतो. त्यामुळे संबोधन पहिल्या ओळीतून हद्दपार केलं. कॅप्शनमधली लिंकही दाबता येत नाही, म्हणून ॲपचं नाव शोधून सापडेल असं शब्दातच लिहितो.

"करण्यात येणार आहे" हे दुसरं दुखणं. कोण करणार हेच त्यात लपतं. कॅप्शनमध्ये कर्ता हवा: "सीसीआय घेणार", "तलाठी पंचनामा करणार". कर्ता नोटमध्ये सापडला नाही तर पुन्हा फोन. यात कधी कधी अर्धा तास जातो आणि तोवर दुसऱ्या कुणाची चुकीची पोस्ट गावभर फिरून आलेली असते. अर्धा गुण इथे कापला.

उरलेला एक भाषेचा. "बे" पोट्ट्यांना आवडतं, पण मोठ्या माणसांपर्यंत पोस्ट गेली की खटकतं. सासरवाडीकडून फोन आला, तेव्हापासून "बे" बंद. अधिकाऱ्याचं अवतरण चिन्हातलं वाक्य मी आता अजिबात बदलत नाही. एकदा चटपटीत केलं तर ते त्यांच्याच तोंडी समजलं गेलं. पीक नुकसान, अपघात, निधन अशा नोटा साध्याच भाषेत टाकतो, इमोजी नाही. मूळ नोटचा फोटो मात्र दरवेळी दुसऱ्या स्लाइडवर ठेवतो.

ते काका पुढच्या खेपेला 9 टक्क्यांवर माल विकून आले. फॉलो अजून केलेलं नाही, पण पोरगं पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवतं म्हणे.