फोन घेताना किमतीला उरलेल्या महिन्यांनी भागा

वीस-पंचवीस हजारांत फोन घ्यायचा म्हटलं की कॅमेरा, रॅम आणि चार्जिंगचे वॉट यांवरच चर्चा रंगते. त्याआधी एक साधा हिशोब करा: कंपनी सुरक्षा अपडेट, म्हणजे फोनमधल्या त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, आणखी किती महिने देणार आहे ते बघा आणि किमतीला तेवढ्याने भागा. वनप्लस नॉर्ड सीई 4 आणि सॅमसंग गॅलेक्सी ए16 5जी हे दोन फोन घेऊ.

नॉर्ड भारतात एप्रिल 2024 मध्ये आला, सुरुवातीची किंमत 24,999 रुपये. सुरक्षा अपडेट तीन वर्षं, म्हणजे एप्रिल 2027 पर्यंत. ए16 ऑक्टोबर 2024 मध्ये 18,999 रुपयांना आला आणि त्याला सहा वर्षं, म्हणजे 2030 च्या ऑक्टोबरपर्यंत. हे घड्याळ फोन बाजारात येतो तेव्हा सुरू होतं, तुम्ही खोका फोडता तेव्हा नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये दोन्ही मूळ किमतीला घेतले असं धरलं, तर नॉर्डचे उरतात 18 महिने आणि ए16 चे 60. महिन्याला एकाचे साधारण 1,390 रुपये पडतात, दुसऱ्याचे 317. सेलमध्ये नॉर्ड निम्म्याला मिळाला तरी तो महागच पडतो. जुन्या मॉडेलवर घसघशीत सूट दिसली की म्हणूनच आधी त्याची जन्मतारीख बघावी.

हातात घेतल्यावर नॉर्ड नक्कीच सरस वाटतो. प्रोसेसर जास्त दमदार आहे आणि चार्जिंग 100 वॉटचं, तर ए16 25 वॉटवर रेंगाळतो. गेम खेळणारा आणि दर दीड-दोन वर्षांनी फोन बदलणारा असाल तर खुशाल नॉर्ड घ्या. ज्या फोनवर यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स चार-पाच वर्षं चालणार आहेत, त्याचा निर्णय मात्र अपडेटवरच व्हावा.

कारण मुदत संपली तरी फोन बंद पडत नाही. क्रोम आणि बाकीची अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून अपडेट होत राहतात, त्यामुळे सगळं ठीक आहे असंच वाटतं. फोनच्या सिस्टिमचा गाभा असलेलं कर्नल, चिप चालवणारे ड्रायव्हर आणि नेटवर्कशी जोडणाऱ्या मोडेमचं फर्मवेअर यांची दुरुस्ती मात्र फोन कंपनीकडूनच येते, आणि तीच थांबलेली असते. त्यात भर म्हणजे गूगल सापडलेल्या त्रुटींची यादी वेळोवेळी जाहीर करतं. म्हणजे भोक कुठे आहे हे सगळ्यांना कळतं, फक्त तुमच्या फोनचं बुजत नाही.

सहा वर्षं म्हणजे दरमहा अपडेट, असंही नाही. स्वस्त मॉडेलना ते तीन-तीन महिन्यांनी येतं, आणि सॅमसंग कुठल्या मॉडेलला किती वेळाने देतं हे security.samsungmobile.com वर दिसतं. सध्याच्या फोनची स्थिती बघायची तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिक्युरिटी अपडेटची तारीख शोधा. ती सहा महिन्यांहून जुनी असेल आणि नवीन काही येत नसेल, तर त्या फोनवरून बँकेची अ‍ॅप्स काढून टाका.