कालचा हाय, कालचा लो आणि सोमवारचा ओपन: सात महिने वापरल्यावर

पहिले तीन आठवडे मी चुकीच्या दिवसाचे हाय-लो आखत होतो. सवय निफ्टीची. तिथे बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो आणि सकाळी सव्वानऊला उघडतो, त्यामुळे ‘काल’ कुठे संपला यावर वाद नसतो. बिटकॉइनवर आलो तेव्हा मी आपला घड्याळात रात्रीचे बारा वाजले की दिवस संपला असं धरून पंधरा मिनिटांच्या चार्टवर रेघा मारायचो. किंमत त्या रेघांना हिंग लावून विचारत नव्हती. ऑफिसातल्या मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, “अरे, पण हे दुकान बंदच होत नाही, तर तुझा ‘काल’ कुठला?”

प्रश्न बरोबर होता. बहुतेक एक्स्चेंजवर आणि ट्रेडिंगव्ह्यूवर क्रिप्टोची दिवसाची कँडल यूटीसीच्या मध्यरात्री बदलते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. आठवड्याची कँडल सोमवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. चार्टच्या खालच्या कोपऱ्यात टाइमझोन कोलकाता केला की फक्त खालच्या वेळा बदलतात, दिवसाच्या कँडलची हद्द तिथेच राहते. मी मात्र डोळ्यांनी रात्री बारा ते बारा मोजत होतो. अमेरिकन बाजार आपल्या संध्याकाळी सातला उघडतो, हिवाळ्यात आठला, आणि त्यानंतरची मोठी हालचाल पुष्कळदा आपल्या मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत चालते. माझ्या हिशेबात तो तुकडा ‘आज’मध्ये जात होता, बाकी सगळ्यांच्या हिशेबात ‘काल’मध्ये. सगळे एक्स्चेंज एकसारखे आहेत असंही नाही. ओकेएक्सच्या एपीआयमध्ये 1D मागितलं तर हाँगकाँगच्या वेळेची कँडल मिळते, यूटीसीची हवी असेल तर 1Dutc लिहावं लागतं. हाँगकाँगची मध्यरात्र म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, तेव्हा हाय-लो सरळ वेगळेच येऊ शकतात.

त्यानंतर मी हाताने रेघा मारणं सोडलं. ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन स्क्रिप्टमधला एवढासा कोड सात महिने चालतोय:

```
//@version=5
indicator("PDH PDL WO", overlay=true)
f(tf, src) => request.security(syminfo.tickerid, tf, src, lookahead=barmerge.lookahead_on)
plot(f("D", high[1]), "PDH", color.red)
plot(f("D", low[1]), "PDL", color.green)
plot(f("W", open), "WO", color.blue)
```

यातला [1] विसरू नका. तो काढला तर जुन्या कँडल्सवर त्याच दिवसाचा हाय आधीच काढलेला दिसतो, आणि मागे जाऊन तपासताना आपण फार हुशार आहोत असं वाटू लागतं. आठवड्याच्या ओपनला तो लागत नाही, कारण ओपन पहिल्याच क्षणी ठरलेला असतो. आणखी एक गोष्ट: ज्यात सौदा करता त्याच चार्टवर हे लावा. स्पॉटचा हाय आणि पर्पेच्युअल फ्युचरचा हाय काही डॉलरांनी वेगळे असतात, आणि आपला स्टॉप त्या काही डॉलरांतच उडतो.

आता मुख्य मुद्दा. कालच्या लोला किंमत टेकली की घ्यायचं, कालच्या हायला टेकली की विकायचं, असं मी पहिला दीड महिना केलं आणि मार खाल्ला. कारण साधं आहे. ती रेघ सगळ्यांना दिसते, म्हणून सगळ्यांचे स्टॉप तिच्या जरा पलीकडे असतात. लोच्या खाली गेल्यावर ते स्टॉप विक्रीच्या ऑर्डर म्हणून सुटतात, आणि ब्रेकआउटवाल्यांची नवीन विक्रीही तिथेच येते. एवढी विक्री कोणी शांतपणे उचलत असेल तर किंमत परत वर येते, नसेल तर खाली चालू पडते. रेघेला टेकताना यातलं काय होणार हे कळत नाही. रेघ ओलांडल्यावर थोड्या वेळात कळतं. म्हणून मी आता रेघेवर ऑर्डर लावून ठेवत नाही, अलर्ट लावतो आणि तोही Once Per Bar Close वर. नाहीतर कँडलच्या प्रत्येक शेपटीला, म्हणजे विकला, फोन वाजतो आणि मीटिंगमध्ये लोक बघायला लागतात.

एक सौदा तपशिलात सांगतो. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. कालचा लो 1,00,000 डॉलर, सोमवारचा ओपन 1,00,800, वार बुधवार. दुपारी किंमत हळूहळू उतरत लोपाशी आली. पंधरा मिनिटांची एक कँडल 99,880 पर्यंत खाली गेली आणि 1,00,080 ला बंद झाली. पुढची कँडल लोच्या वरच फिरत राहिली, तेव्हा 1,00,100 ला घेतलं. स्टॉप विकच्या खाली 99,820. टार्गेट सोमवारच्या ओपनच्या जरा अलीकडे, 1,00,780. जोखीम 280 डॉलर, मिळकत 680. दिसायला जवळपास अडीच पट.

आता फी धरा. टेकर फी 0.05 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 0.059 टक्के. एका बाजूला साधारण 59 डॉलर, येताजाता 118. जिंकलो तर 680 चे 562 राहतात आणि हरलो तर 280 चे 398 होतात. अडीच पट वाटणारा सौदा प्रत्यक्षात 1.4 पटीचा निघतो. फी नसती तर अशा शंभर सौद्यांत 29-30 जिंकले तरी बरोबरीत सुटलो असतो. फी धरून 41-42 जिंकावे लागतात. (आकडे एका पूर्ण बिटकॉइनचे आहेत. मी त्याच्या शंभराव्या हिश्श्याने खेळतो. प्रमाण तेच राहतं.) टार्गेटला आधीच लिमिट ऑर्डर लावून ठेवली तर मेकर फी लागते आणि थोडं परत मिळतं. स्टॉपला ती चैन नाही. या हिशेबानंतर मी नियम केला: एंट्रीपासून सोमवारच्या ओपनपर्यंत, किंवा मधे दुसरी कुठली रेघ आडवी येत असेल तर तिथपर्यंत, अर्धा टक्काही जागा नसेल तर सौदा घ्यायचा नाही. आधी घेतलेल्या कितीतरी सौद्यांना ही चाळणी लावली असती तर ते घेतलेच नसते.

आणि किंमत परत आली नाही तर? सलग दोन पंधरा मिनिटांच्या कँडल लोच्या खाली बंद झाल्या की मी खरेदीचा विचार सोडतो. तिसऱ्या कँडलला परत वर आली तर हळहळ वाटते, पण मागे वळून घेत नाही. उलट बाजूने ब्रेकआउट धरण्याचाही प्रयत्न केला: लो तुटला, किंमत खालून परत लोला टेकली, तिथे विक्री. कागदावर देखणं दिसतं. माझ्या हाताला मात्र ते जमलं नाही, कारण निम्म्या वेळा किंमत परत टेकायला येतच नव्हती आणि मी मागे धावत होतो.

सोमवारच्या ओपनबद्दल माझं मत सुरुवातीला फार वाईट होतं. सोमवारी आणि कधी मंगळवारीही किंमत त्या निळ्या रेघेवरून इतक्या वेळा इकडून तिकडे जाते की तिला काही अर्थच राहत नाही. मग लक्षात आलं की सोमवारी तो ओपन म्हणजे त्याच दिवसाचाच ओपन, नवीन माहिती काही नाही. शिवाय सोमवारचा ‘काल’ म्हणजे रविवार. रविवारची रेंज बऱ्याचदा चिंचोळी असते, तिचे हाय-लो सोमवारी सकाळीच दोन्ही बाजूंनी तुटतात. सोमवारी संध्याकाळपर्यंत मी चार्ट उघडतच नाही. घरी याचं स्वागत झालं.

बुधवारनंतर मात्र ही रेघ कामाची होते. एंट्रीसाठी नाही. वरच्या सौद्यासारखं, किंमत कुठवर जायला मोकळी आहे हे सांगायला. आणि कुठे हात घालू नये हे सांगायला. माझे सलग चार स्टॉप एकाच आठवड्यात उडाले. सोमवारी दुपारी किंमत ओपनच्या खाली गेली, मंगळवारी खालून ओपनला टेकून परत घसरली, आणि मग रोज आदल्या दिवसाचा लो तोडत गेली. मी रोज ‘आता परत येईल’ म्हणून घेत होतो. एकदा खालून टेकून नाकारली गेली हाच इशारा होता. आता अशा आठवड्यात, त्यातही कालची कँडल आपल्या लोजवळ बंद झाली असेल, तर लोवरची खरेदी बाद.

वेळही बघावी लागते. अमेरिकेचा महागाईचा आकडा उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सहाला येतो, हिवाळ्यात सातला. त्या पाच-दहा मिनिटांत हाय आणि लो दोन्ही तुटून परत आत आलेले मी पाहिले आहेत. ते स्वीप, म्हणजे रेघेपलीकडचे स्टॉप उडवून परत येणं, म्हणून मोजू नका, ती नुसती घुसळण असते.

काही दिवशी तर या रेघा सरळ पुसून टाकाव्यात. 10 ऑक्टोबर 2025 ला ट्रम्प यांनी चीनवर आणखी 100 टक्के आयातशुल्काची घोषणा केली आणि आपल्याकडे 11 तारखेची पहाट उजाडण्याआधी बाजार कोसळला. बिटकॉइनची त्या दिवसाची रेंज पंधरा हजार डॉलरच्या वर गेली, आणि तळ प्रत्येक एक्स्चेंजवर वेगळा छापला गेला. दुसऱ्या दिवशी ‘कालचा लो’ इतका खाली होता की दिवसभर किंमत त्याच्या आसपासही फिरकली नाही. मी तेव्हा हट्टाने त्या दोन रेघांच्या मधे काहीतरी शोधत बसलो होतो. हल्ली अशा दिवसानंतर एक पूर्ण दिवस जाऊ देतो, म्हणजे नवीन ‘काल’ तयार होतो.

स्पॉटवर हे करायचं म्हणणाऱ्यांसाठी शेवटचा हिशेब. भारतात जुलै 2022 पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. वरचाच सौदा स्पॉटवर करून 1,00,780 ला विकलं तर 1,008 डॉलर तिथेच अडकतात, आणि सगळा फायदा 680 चा. रिटर्न भरताना ते करात वळते होतात हे खरं, पण तोवर रोज एक सौदा धरला तर महिन्याभरात भांडवलाचा जवळपास चौथा हिस्सा खात्यातून गेलेला असतो. नफ्यावर 30 टक्के कर वेगळा, आणि तोट्याचे सौदे त्यातून वजा होत नाहीत. स्पॉटमध्ये मी या रेघा आता फक्त महिन्याचा एसआयपीचा हप्ता कोणत्या तासाला टाकायचा एवढ्यापुरत्या बघतो.