एक टनी एसी, चौदा महिने आणि एक प्लास्टिकची क्लिप

नाशिकला इंदिरानगरमधील आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत हा इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी चौदा महिन्यांपूर्वी बसवला. पहिल्या उन्हाळ्यात माझी तक्रार एवढीच होती, की रिमोटवर 26 ठेवले तरी उशाजवळचा तापमापक कधी 25, तर कधी 27 दाखवत असे. थर्मोस्टॅटच कच्चा आहे, असे मी तेव्हा ठरवून टाकले होते.

ते मत मला मागे घ्यावे लागले. अशा एसीत कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो, नाही तर बंद असतो. नेमक्या 26 वरच तो चालू आणि बंदही करायचे ठरवले, तर दर काही सेकंदांनी खटके पडत राहतील. म्हणून थर्मोस्टॅट मुद्दाम अंतर राखतो. आमच्याकडे तो साधारण 27 ला चालू होतो आणि 25 ला थांबतो. शिवाय थांबल्यावर आतील दाब समान होईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन मिनिटे, तो कॉम्प्रेसरला पुन्हा सुरू होऊ देत नाही. रिमोटवर 18 केल्याने गारवा लवकर येत नाही, फक्त थांबण्याची वेळ लांबते आणि बिल वाढते.

यंदा एप्रिलमध्ये मात्र खोली 30 च्या खाली येईना. पाहायला आलेल्या तंत्रज्ञाने पाच मिनिटांत ‘गॅस कमी झाला आहे’ असे निदान करून तीन हजार रुपये सांगितले. पैसे काढण्यापूर्वी मी घड्याळ घेऊन बसलो. बाहेरचा कॉम्प्रेसर दोन मिनिटे चाले, थांबे आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई. गॅस कमी असता, तर खोली 25 ला पोहोचलीच नसती आणि तो बहुधा न थांबता चालत राहिला असता. इथे तो लवकर थांबत होता. म्हणजे खोली गार झाल्याची खोटी वर्दी त्याला कोणीतरी देत होते.

ती वर्दी देतो तो मण्याएवढा सेन्सर. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो आणि त्यावरून सर्किट खोलीचे तापमान ठरवते. तो फिल्टरमागे, आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या वाटेत, प्लास्टिकच्या क्लिपमध्ये बसवलेला असतो. मुख्य वीजपुरवठा बंद करून फिल्टर काढला, तेव्हा क्लिप तुटून सेन्सर थंड कॉईलला टेकलेला दिसला. कॉम्प्रेसर सुरू होताच कॉईल गारठे आणि त्यासोबत सेन्सरही. बंद झाल्यावर आतला पंखा फिरत राहिल्याने दोन्ही पुन्हा तापत. तीस अंशांच्या खोलीतील हा एसी प्रत्यक्षात स्वतःच्याच कॉईलचे तापमान मोजत होता. फिल्टर धुऊन बसवताना मीच धक्का दिला असणार, हेही मान्य करतो; पण चौतीस हजारांच्या यंत्रात इतकी तकलादू क्लिप?

केबल बांधायच्या पट्टीने सेन्सर कॉईलपासून बोटभर दूर बांधला. आता कॉम्प्रेसर पूर्वीसारखा दहा-बारा मिनिटे चालून थांबतो आणि खोली 26 च्या आसपास राहते. तंत्रज्ञाच्या भेटीचे पाचशे रुपये मात्र कंपनीने परत केलेले नाहीत.